रंगमंचावरची थरथर आणि एक लहानशी गोळी

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरोग्यावर बोलायला डॉक्टर उभा राहिला की श्रोत्यांना वाटते, आता हा मधुमेह, रक्तदाब आणि सकाळचे फिरणे सांगणार. आज मी ते सांगणार नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट याच सभागृहाच्या पडद्यामागे दरवर्षी घडते. तिसरी घंटा होण्याआधी विंगेत उभ्या असलेल्या माणसाचे हात थरथरतात, छातीत धडधडते, आणि तो जवळच्या कोणाला तरी हळूच विचारतो, "एखादी गोळी आहे का हो?" त्या गोळीबद्दल मला बोलायचे आहे. बोलण्याचा अधिकार मला डॉक्टर म्हणून आहेच, पण एक चूक केलेला माणूस म्हणून त्याहून जास्त आहे. ती चूक आधी सांगतो.

गोष्ट 1994 सालच्या उत्सवातली. जबलपूरला येऊन मला पाचसहा वर्षे झाली होती. मंडळाचे तीन अंकी नाटक बसले होते आणि त्यात मी एक छोटीशी भूमिका करत होतो. प्रमुख भूमिकेत आमचे एक बँकेतले मित्र होते. माणूस अभ्यासू, तालमीला कधी चुकला नाही, पण प्रयोगाच्या दिवशी मेकअपच्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचे गुडघे हलायला लागले. पहिल्या प्रवेशात त्यांना हातात पत्र धरून वाचायचे होते. कागद थरथरतो आणि तो थरथरताना पहिल्या पाच रांगांना दिसतो, ही त्यांची धास्ती. मला म्हणाले, "डॉक्टर, काहीतरी द्या हो, नाहीतर आज माझी शोभा होणार." माझ्या बॅगेत प्रोप्रानोलॉलच्या गोळ्या होत्या. मी विचारले, "रक्तदाबाचे काही औषध चालू आहे का?" ते नाही म्हणाले. मी 40 मिलिग्रॅमची एक गोळी दिली. त्या वेळी रात्रीचे आठ वाजले होते.

नऊ वाजता पडदा वर गेला. पत्राचा प्रवेश असा झाला की हातातला कागद जणू टेबलावर ठेवला आहे. मी विंगेत उभा राहून स्वतःवर खूश झालो. दुसरा अंक निम्म्यावर आला तेव्हा लक्षात आले की त्यांची वाक्ये तुटायला लागली आहेत. एरवी एका दमात म्हणायचे ते वाक्य ते तीन तुकड्यांत म्हणत होते. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. अंक संपताच ते विंगेतल्या खुर्चीत पुढे वाकून बसले आणि त्यांच्या छातीतून येणारी शीळ मला दोन हातांवरून ऐकू आली. तो दमा होता. पुढची हकीकत थोडी थांबून सांगतो, कारण ती कळायला आधी ही गोळी काय करते ते समजून घ्यावे लागेल.

माणूस घाबरला की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटते आणि नसांच्या टोकांतून त्याचाच एक भाऊबंद बाहेर पडतो. ही रसायने किल्ल्यांसारखी असतात. त्यांची कुलपे निरनिराळ्या अवयवांवर बसवलेली आहेत आणि ती सगळी एका जातीची नाहीत. आपल्या कामापुरत्या तीन जाती लक्षात ठेवू. हृदयावर मुख्यतः बीटा-एक जातीची कुलपे असतात. ती उघडली की ठोके जलद आणि जोरात पडतात. स्नायूंवर आणि श्वासनलिकांवर बीटा-दोन जातीची असतात. ती उघडली की हाताचा कंप वाढतो आणि श्वासनलिका रुंद होतात. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर अल्फा जातीची असतात. ती उघडली की वाहिन्या आकसतात आणि बोटे गार पडतात.

कंपाबद्दल एक गंमत सांगतो. तुमचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. घरी गेल्यावर हात पुढे सरळ धरा, बोटे ताठ करा आणि त्यावर एक कोरा कागद ठेवा. कागदाची कड बारीक थरथरताना दिसेल. सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होणारा हा कंप प्रत्येक निरोगी माणसात असतो. भीतीत अ‍ॅड्रिनलिन बीटा-दोनची कुलपे उघडते आणि हाच कंप मोठा होतो. म्हणजे मंचावर थरथरणारा हात आजारी नसतो, नेहमीचाच कंप तिथे फुगलेला असतो.

आता गोळीकडे येऊ. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांना हृदयाचा श्रम कमी करणारे औषध हवे होते. त्यांनी विचार असा केला की किल्ली बंद करण्यापेक्षा कुलपात एक खोटी किल्ली घालून ठेवावी. ती कुलपात बसेल, पण कुलूप उघडणार नाही, आणि खरी किल्ली बाहेरच ताटकळत राहील. या विचारातून 1960 च्या दशकात प्रोप्रानोलॉल तयार झाले आणि या कामाबद्दल ब्लॅक यांना 1988 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या औषधांना बीटा ब्लॉकर म्हणतात ते याच अर्थाने, की ती बीटा कुलपे अडवून धरतात. औषध निघाले हृदयाच्या रुग्णांसाठी. पण ठोके मंद करणारी गोळी वादकाचा हातही स्थिर ठेवते, हे लोकांच्या लवकरच लक्षात आले.

1977 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला. व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये वाजवणारे चोवीस वादक घेतले. प्रत्येकाने दोनदा वाजवले, एकदा ऑक्सप्रेनोलॉल नावाचा बीटा ब्लॉकर घेऊन आणि एकदा तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीवर. कोणत्या वेळी कोणती गोळी, हे वादकांनाही माहीत नव्हते आणि परीक्षकांनाही नव्हते. खऱ्या गोळीवर वादन सुधारले. 1982 साली अमेरिकेत एकोणतीस संगीतकारांवर असाच प्रयोग झाला, त्यात प्रोप्रानोलॉल होते. त्या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. त्यांनी काही वेळा उलट औषध दिले, टर्ब्युटालिन, म्हणजे दम्यात श्वासनलिका रुंद करण्यासाठी देतात ते. ते बीटा-दोनची कुलपे उघडते. त्याने वादन बिघडले. कुलूप अडवले तर हात सुधारतो, उघडले तर बिघडतो. म्हणजे मंचावरच्या थरथरीचा मोठा भाग शरीरातल्या या कुलपांत आहे, हे दोन्ही बाजूंनी तपासून झाले.

एवढे ऐकून कोणाला वाटेल, मग प्रश्न मिटला. तो मिटत नाही, आणि इथेच माझ्या व्याख्यानाचा खरा भाग सुरू होतो. गोळी काय करत नाही ते पाहू.

पहिली गोष्ट घाम. तबल्यावर हात घसरतो, सतारीच्या तारेवर बोट घसरते, कारण तळवा ओला होतो. लोक समजतात हृदय आणि हात शांत झाले म्हणजे घामही थांबेल. पण घामाच्या ग्रंथींवर बीटा कुलपे हा कारभार चालवत नाहीत. तिथे अ‍ॅसिटिलकोलिन नावाची वेगळीच किल्ली चालते. त्यामुळे गोळी घेऊनही तळवे ओलेच राहतात. हे बारीकसे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते एकाचा जीव वाचवू शकेल.

दुसरी गोष्ट गार बोटे. ती अल्फा कुलपांची करामत आहे आणि गोळी अल्फाला हात लावत नाही. उलट या गोळीने हातापायांचा रक्तपुरवठा थोडा कमी होऊन बोटे जास्त गार पडू शकतात. जानेवारीतल्या उघड्या मंडपात बासरी वाजवणाऱ्याला हे परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे मनातली भीती. "मी विसरेन", "समोर गुरुजी बसले आहेत", "मागच्या वर्षी लोक हसले होते", हे विचार गोळीने जात नाहीत. ती झोपेची गोळी नव्हे आणि गुंगीचीही नव्हे. मग अनेकांना मनही शांत झाल्यासारखे का वाटते? त्याचे कारण एक फेरा आहे. हात हलतो, तो हललेला दिसतो, म्हणून आणखी भीती वाटते, म्हणून आणखी अ‍ॅड्रिनलिन सुटते, म्हणून हात आणखी हलतो. गोळी हा फेरा शरीराच्या बाजूने तोडते. ज्याची भीती मुख्यतः आपल्याच थरथरीची आहे, त्याला मोठा उतार पडतो. ज्याची भीती लोकांची आहे, माणसांत मिसळण्याचीच आहे, त्याला पडत नाही. चारचौघांत जेवायला, सही करायला, फोन उचलायलाही घाबरणारी माणसे असतात. हा सामाजिक भीतीचा आजार आहे. त्यावर अ‍ॅटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर रोज देऊन पाहिला गेला, तेव्हा तो खोट्या गोळीपेक्षा फारसा सरस ठरला नाही. त्यांच्यासाठी वेगळी औषधे आणि समुपदेशन आहे. अशा माणसाला बीटा ब्लॉकर देत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलत बसणे.

आणि चौथी गोष्ट, न केलेला रियाज. त्यावर अजून कोणत्याही कंपनीची गोळी निघालेली नाही.

आता एक हकीकत सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळातली एक मुलगी माझ्याकडे आली. वय तेवीस, व्हायोलिन वाजवते. म्हणाली, "काका, घरी वाजवते तेव्हा काहीच होत नाही. मंचावर संथ आलापी सुरू केली की गज तारेवर नाचतो. लांब सूर काढला की त्याचे तुकडे होतात. द्रुत गतीत काही होत नाही." तिचे हे निरीक्षण फार चांगले होते. जलद वाजवताना हात मोठ्या हालचालीत असतो, त्यात बारीक कंप लपतो. संथ गजात तोच कंप ऐकू येतो.

मी लगेच गोळी लिहिली नाही. आधी पाहिले की ही खरोखर मंचाचीच थरथर आहे का. थायरॉइडचा स्राव वाढला असेल तर हात थरथरतात आणि नाडीही पळते, पण मग ती घरीही पळते, अगदी झोपेतून उठतानाही, आणि भूक चांगली असून वजन उतरते. म्हणून तिला सांगितले, सात दिवस सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोज. आकडे आले ते 68 ते 76 चे. वजन स्थिर होते. रक्तात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही ठीक होते. घरात आजोबांचे हात म्हातारपणी हलत असत का, हेही विचारले, कारण कंपाचा एक प्रकार घराण्यात चालत येतो. तसे नव्हते. कार्यक्रमाच्या दिवशी ती किती कॉफी पिते हे विचारले, तर उत्तर आले, चार कप. ते एकावर आणले.

मग विचारले ते प्रश्न, जे मी 1994 साली विचारले नव्हते. लहानपणी कधी दमा होता का? धूळ उडाली, पाऊस सुरू झाला की छातीत शीळ वाजते का? कधी पंप वापरला आहे का? कधी चक्कर येऊन पडली आहेस का? इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत का? दुसरे कोणते औषध? गरोदर आहेस का? सगळ्याला उत्तर नाही आले. नाडी 76, नियमित. रक्तदाब 114 वर 72. हृदयाचा आलेख सरळ. छाती ऐकली, ती स्वच्छ होती.

तरीही पहिली गोळी कार्यक्रमाच्या दिवशी घ्यायची नाही, हे तिला बजावले. रविवारी घरी, आई जवळ असताना, 10 मिलिग्रॅम घेऊन पाहायला सांगितले. साध्या प्रोप्रानोलॉलचा परिणाम तासाभरात जाणवू लागतो, एक ते दोन तासांनी तो सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या काही तासांत ओसरतो. तिने तासाने नाडी मोजली, ती 66 भरली. चक्कर नाही, थकवा नाही. वाजवून पाहिले, बोटे मंद झाली नव्हती. पुढच्या रविवारी 20 मिलिग्रॅम घेऊन चार शेजाऱ्यांना बोलावून वाजवले. नाडी 62. गज स्थिर. तिथे थांबलो. गोळीचे माप वाढवत नेले की वादन सुधारत जाते असे नाही. गायकांवर झालेल्या एका अभ्यासात कमी मात्रेने थोडा फायदा दिसला आणि जास्त मात्रेने गाणे उलट उतरल्याची चिन्हे दिसली. थोडी धडधड कलाकाराला लागतेच, ती पार पुसली की गाण्यातली धगही पुसली जाते.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने सव्वा तास आधी 20 मिलिग्रॅम घेतले. पूर्वी एकदा मंचावर जाण्याआधी तिची नाडी 130 च्या पुढे मोजली होती, या वेळी ती 92 होती. आलापी एकसंध झाली. पण मध्यंतरानंतर ती माझ्याकडे आली तेव्हा डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "काका, हात हलला नाही, पण बोटे घामाने ओली होती, आणि दुसऱ्या बंदिशीचा अंतरा मला आठवेचना. हात शांत आणि डोके रिकामे, हे तर जास्त भयंकर वाटले."

तिचे हे बोलणे मला पुस्तकातल्या पानांपेक्षा जास्त शिकवून गेले. गोळीने आपले काम केले होते. घाम तिचे काम नव्हते, त्यासाठी रुमाल आणि बोटांना थोडी पावडर. अंतरा विसरणे हे तर गोळीचे काम नव्हतेच. तिच्या गुरूंशी बोललो. त्यांनी पद्धत बदलली. बंदिश नेहमी सुरुवातीपासून वाजवायची सवय मोडून मध्येच कुठूनही उचलायला लावली, अंतऱ्यापासून, तिसऱ्या आवर्तनापासून, आणि दर आठवड्याला कोणत्या तरी अनोळखी घरात चार माणसांपुढे वाजवायला पाठवले. पुढच्या वर्षभरात तिने गोळी पाच वेळा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी दोनदा. आता तिच्या पेटीत गोळी असते, पण बहुतेक वेळा ती पेटीतच राहते.

आता माझ्या बँकेतल्या मित्रांकडे परत येतो. ते खुर्चीत वाकून बसले होते. प्रेक्षकांत कोणाकडे तरी दम्याचा पंप होता, सालब्युटामॉलचा. तो आणून दोन फवारे दिले, मग आणखी दोन. काही फरक पडेना. का पडेना, हे आता तुम्हीच सांगू शकाल. सालब्युटामॉल श्वासनलिकेवरचे बीटा-दोनचे कुलूप उघडते, आणि त्या कुलपात मी दिलेली खोटी किल्ली अडकून बसली होती. ज्या पंपावर दम्याचा रुग्ण जिवाचा भरवसा ठेवतो, तो पंपच या गोळीने निकामी होऊ शकतो.

नाटक थांबवून त्यांना गाडीत घालून रुग्णालयात नेले. तिथले तरुण डॉक्टर नाडी पाहून म्हणाले, "72 आहे, फार काही गंभीर दिसत नाही." दम्याचा मोठा झटका असेल तर नाडी 120 च्या पुढे जाते, असे आम्हाला शिकवलेले असते. पण या माणसाची नाडी गोळीने बांधून ठेवली होती. मी त्यांना सांगितले, "नाडीवर जाऊ नका, यांना प्रोप्रानोलॉल दिले आहे. मीच दिले आहे." ते वाक्य उच्चारताना मला जेवढी लाज वाटली तेवढी पुढे कधी वाटली नाही, पण त्या वाक्यानेच उपचाराची दिशा बदलली. प्राणवायू लावला, स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले आणि वाफेतून इप्राट्रोपियम दिले. हे औषध बीटा कुलपांना न शिवता दुसऱ्या वाटेने श्वासनलिका सैल करते. पहाटेपर्यंत शीळ कमी झाली. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. नंतर त्यांच्या आईंकडून कळले की त्यांना बाळदमा होता, वयाच्या बाराव्या वर्षी तो "गेला" होता. त्यांनी लपवले नव्हते. मी विचारलेच नव्हते.

दमा बरा झाला असे आपण म्हणतो, पण श्वासनलिकांचा तो स्वभाव अनेकदा आत शिल्लक राहतो. म्हणून दमा असलेल्याने, किंवा कधी होता अशानेही, ही गोळी मंचासाठी घेऊ नये. ज्यांची नाडी मुळातच मंद आहे, हृदयात विजेचा प्रवाह अडतो असे सांगितले आहे, त्यांनीही नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर दोन्ही मिळून नाडी धोकादायक मंद होऊ शकते.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी वेगळे सांगतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी फार खाली जाते. ती खाली गेल्याची घंटा म्हणजे हातांची थरथर आणि छातीची धडधड. हीच घंटा ही गोळी बंद करते. मग उरते काय? मघाशी लक्षात ठेवायला सांगितले होते ते, म्हणजे घाम. घामाची किल्ली वेगळी असल्यामुळे तो येतच राहतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या मधुमेह्याला अकारण दरदरून घाम फुटला तर ती मंचाची भीती समजू नका. ताबडतोब साखर तपासा, आणि तपासायची सोय नसेल तर आधी साखर-पाणी द्या.

एक गैरसमज इथे सभागृहातच आहे. तुमच्यापैकी अनेकजण रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेत असतील. तीही बीटा ब्लॉकरच आहेत, म्हणून काही पालक मुलाला वक्तृत्व स्पर्धेआधी आजोबांच्या डबीतली अर्धी गोळी देतात. ही औषधे मुख्यतः हृदयावरचे बीटा-एक कुलूप अडवतात. छातीची धडधड कमी होईल, पण हाताच्या कंपाचे कुलूप बीटा-दोनचे, त्यावर त्यांचा परिणाम कमी. तरीही दम्याच्या रुग्णाला ती निर्धोक आहेत असे नाही. आईच्या अर्धशिशीची कॅप्सूल हाही दुसरा तसाच प्रकार. त्यात बहुधा प्रोप्रानोलॉलच असते, पण हळूहळू सुटणारे. ते तासाभरात पुरेसे चढत नाही, म्हणून मुलगा दुसरी घेतो, आणि कार्यक्रम संपल्यावर रात्रभर दोन्हींचा अंमल राहतो. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात, त्याला हीच कारणे आहेत. आणि ज्यांना त्या रोजसाठी लिहून दिल्या आहेत, त्यांनी माझे व्याख्यान ऐकून उद्यापासून त्या अचानक बंद करू नयेत. रोज घेणाऱ्याने एकदम सोडल्या तर हृदयावर उलटा ताण येतो.

शेवटी एक प्रश्न नेहमी विचारला जातो, की ही फसवणूक नाही का? नेमबाजी आणि धनुर्विद्येत ती फसवणूकच मानली जाते. तिथे स्थिर हात हेच कौशल्य आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाच्या तपासणीत प्रोप्रानोलॉल सापडले आणि त्याची दोन पदके काढून घेतली. संगीतात, नाटकात असा नियम नाही. तिथे मी एवढेच विचारतो, की गोळीशिवाय वाजवता येते, पण भीती आड येते आहे, की गोळीशिवाय मंचावर पाऊलच टाकवत नाही? पहिल्याला गोळी तात्पुरती काठी आहे. दुसऱ्याने गोळी बाजूला ठेवून भीतीवरच उपचार घ्यावेत.

माझे बँकेतले मित्र आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा काम केले. पत्राचा प्रवेश पुन्हा होता. त्यांनी दिग्दर्शकाला सांगून पत्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून घेतले आणि एक हात टेबलावर टेकवला. हात हलत होता, पण कागद हलला नाही. विंगेत मी उभा होतो, बॅग घरी ठेवून.

 आणि हो, हा माइक मी उभ्या स्टँडवर ठेवायला सांगितला होता, हातात घेतला नाही. का, ते आता तुम्हाला कळले असेलच.